नोंदवहीत लिहायचे की फोन करायचा?

२८ मार्च १९७९ ची पहाट. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीच्या पात्रात थ्री माइल आयलंड नावाचे बेट आहे. त्यावरच्या अणुवीज केंद्रात चारच्या सुमारास दुसऱ्या अणुभट्टीला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. भट्टी आपोआप थांबली. दाब वाढल्यामुळे एक सुरक्षा-झडप उघडली. दाब उतरल्यावर काही सेकंदांत ती मिटायला हवी होती, पण अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला, कारण झडप खरोखर मिटली की नाही हे तो दाखवतच नव्हता. मिटण्याचा संदेश झडपेकडे गेला, एवढेच त्यावरून कळत होते.

पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाले. दिवे लुकलुकू लागले, भोंगे वाजू लागले. केंद्राच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर प्रत्येक इशारा आला त्या क्रमाने एकेका ओळीत छापत होता. इशारे छपाईपेक्षा वेगाने येत होते, त्यामुळे रांग वाढत गेली. पुढे एका वेळी हा प्रिंटर प्रत्यक्ष घटनांच्या अडीच तास मागे पडला होता, आणि मध्येच एकदा तो अडकलाही. झडपेतून पाणी निसटते आहे हे ओळखून तो मार्ग बंद करायला सुमारे दोन तास वीस मिनिटे लागली. तोवर भट्टीच्या गाभ्याची हानी सुरू झाली होती.

या अपघाताची चौकशी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली. संगणक शिकलेल्या वाचकांना हे नाव ओळखीचे असेल. टॉमस कर्ट्‌झ यांच्याबरोबर १९६४ साली बेसिक ही संगणकभाषा तयार करणारे गणितज्ञ ते हेच. आयोगाने अपघाताची अनेक कारणे दिली, आणि केवळ इशाऱ्यांमुळे अपघात झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण अहवालातील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. बिनमहत्त्वाचे इशारे बाजूला सारण्याची आणि महत्त्वाचे ओळखून काढण्याची कोणतीही सोय त्या कक्षात नव्हती.

प्रिंटर अधिक वेगवान असता तर? फारसा फरक पडला नसता, असे आम्हाला वाटते. सगळे संदेश एकाच रांगेत उभे केले की कोणता आधी वाचायचा हे फक्त येण्याच्या क्रमावरून ठरते. महत्त्वाचा संदेश शंभरावा आला तर त्याआधीचे नव्व्याण्णव कोणीतरी वाचलेच पाहिजेत. म्हणजे प्रश्न वेगाचा नसून रांगा वेगळ्या करण्याचा आहे. त्यासाठी प्रत्येक संदेशाच्या कपाळी त्याच्या निकडीची खूण असायला हवी.

अशी खूण संगणकाच्या जगात कशी रूढ झाली, ती हकिगत अणुवीज केंद्रापासून फार दूरची, टपाल वाटणाऱ्या एका आज्ञावलीची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन हे सेंडमेल नावाची आज्ञावली लिहीत होते. एका संगणकावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉनिक पत्रे पोचवणे हे तिचे काम. अशी आज्ञावली पडद्याआड रात्रंदिवस चालू असते आणि तिच्यासमोर कोणी बसलेले नसते. मग पत्र पोचले, पत्र परत आले, पलीकडचा संगणक उत्तर देत नाही, हे सारे तिने सांगायचे कोणाला? ऑलमन यांनी त्यासाठी एक निराळा श्रोता तयार केला. इतर आज्ञावल्यांनी आपले म्हणणे त्याच्याकडे द्यायचे, आणि ते कुठे जायचे हे त्याने ठरवायचे. या व्यवस्थेचे नाव सिसलॉग. सिस म्हणजे सिस्टिम, आणि लॉग म्हणजे नोंदवही. (लॉग म्हणजे खरे तर लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत आणि मिळालेला आकडा वहीत लिहीत. त्या लाकडाचे नाव वहीला चिकटले आणि तिथून ते संगणकात आले.)

ही सोय एकट्या टपालासाठी होती तरी लवकरच इतर आज्ञावल्याही ती वापरू लागल्या. बर्कलीच्या युनिक्सची ४.३ बीएसडी ही आवृत्ती १९८६ साली निघाली. तोपर्यंत सिसलॉगला जे रूप आले होते ते आजही बहुतांशी तसेच आहे. प्रत्येक संदेशाबरोबर दोन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, संदेश कोणत्या खात्याकडून आला: संगणकाचा गाभा, टपाल, प्रवेशपरवाना वगैरे. दुसरी, त्याची निकड किती.

निकडीच्या पायऱ्या आठ आहेत आणि त्यांना ० ते ७ हे क्रमांक आहेत. शून्य सर्वांत गंभीर, सात सर्वांत क्षुल्लक. तळाशी `debug`, म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याला तपासणीपुरता उपयोगी मजकूर. त्याच्या वर `info`, साधी माहिती. मग `notice`. यात चूक काही झालेली नसते, पण कदाचित लक्ष द्यावे लागेल. त्यावर `warning` म्हणजे सावधगिरीची सूचना आणि `err` म्हणजे चूक. यापुढच्या तीन पायऱ्या चढताना आवाज बदलतो. `crit` ही यंत्रातल्या पक्क्या बिघाडासारख्या प्रसंगासाठी. `alert` म्हणजे ताबडतोब दुरुस्त केलेच पाहिजे असे काही, उदाहरणार्थ संगणकाच्या मूळ नोंदीच बिघडल्या. आणि `emerg` म्हणजे संगणकच कोसळतो आहे, जे वापरत असतील त्या सर्वांना सांगा.

नवख्या माणसाला `alert` हा `crit` च्या वर का, असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. नुसते शब्द पाहिले तर गंभीर बिघाड हा इशाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. पण इथे दोन वेगळी मापे एकाच शिडीवर बसवली आहेत. नुकसान किती झाले हे एक माप, आणि माणसाने किती लवकर हात घालायला हवा हे दुसरे. तबकडीतला एक भाग कायमचा खराब झाला तर नुकसान पक्के आहे, पण ते सकाळी पाहिले तरी चालेल. मूळ नोंदी बिघडत चालल्या असतील तर प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. शिडीच्या वरच्या टोकाला दुसरे माप जिंकते. खालच्या पायऱ्यांवर ही मापे इतकी स्पष्ट नाहीत, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच येतो.

खाते आणि निकड या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवण्याची युक्ती गणिताच्या तासाला सांगण्यासारखी आहे. खात्याच्या क्रमांकाला ८ ने गुणायचे आणि निकडीचा क्रमांक मिळवायचा. प्रवेशपरवान्याच्या खात्याचा क्रमांक ४, आणि `crit` चा २; म्हणून ४ × ८ + २ = ३४. संदेशाच्या सुरुवातीला `<34>` असे येते. वाचणारा ३४ ला ८ ने भागतो: भागाकार ४ हे खाते, बाकी २ ही निकड. अष्टमान पद्धतीत ३४ ही संख्या ४२ अशी लिहितात, म्हणजे दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी उघडी दिसतात. पायऱ्या आठच असल्यामुळे निकडीला बरोबर तीन बिट पुरतात.

आता वाटणीकडे येऊ. कोणता संदेश कुठे जायचा याचे नियम एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. जुन्या पद्धतीची एक नमुन्याची फाइल अशी:

```
*.emerg              *
*.alert              root
kern.crit            /dev/console
mail.info            /var/log/maillog
*.notice;mail.none   /var/log/messages
```

डावीकडे खाते आणि पायरी, उजवीकडे ठिकाण. वाचताना दोन नियम लक्षात ठेवायचे. पायरीचे नाव लिहिले की ती पायरी आणि तिच्याहून गंभीर अशा सगळ्या पायऱ्या त्यात येतात. आणि एका ओळीत संदेश बसला म्हणून शोध थांबत नाही. जितक्या ओळींत बसेल तितक्या ठिकाणी तो जातो.

टपाल खात्याने पत्र पोचल्याचा `info` संदेश दिला, तर त्याचा आकडा २ × ८ + ६ = २२. तो फक्त चौथ्या ओळीत बसतो आणि टपालाच्या नोंदवहीत निमूट जाऊन पडतो. तबकडी वाचता येत नाही असा गाभ्याचा `crit` संदेश, आकडा २, तिसऱ्या ओळीने मुख्य पडद्यावर आणि पाचव्या ओळीने सर्वसाधारण नोंदवहीत जातो. `root` म्हणजे प्रमुख व्यवस्थापक. त्याच्यापर्यंत तो जात नाही, कारण दुसऱ्या ओळीची अट एक पायरी वरची आहे. गाभ्याचा `emerg` संदेश, आकडा ०, चार ठिकाणी जातो: सर्व वापरणाऱ्यांच्या पडद्यावर, व्यवस्थापकाकडे, मुख्य पडद्यावर आणि नोंदवहीत. शेवटचे ठिकाण महत्त्वाचे. आरडाओरडा झाला तरी नोंद चुकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले हे शोधताना लहानमोठे संदेश एकाच वहीत क्रमाने सापडतात.

शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल तर हे करून पाहता येईल.

```
logger -p local0.crit "prayog"
journalctl -p crit
```

पहिल्या ओळीने `crit` पायरीचा एक संदेश सोडला जातो. दुसरीने त्या पायरीचे आणि तिच्यावरचे संदेश दिसतात. साध्या वापरकर्त्याला सगळ्या नोंदी दिसत नाहीत, म्हणून दुसरी ओळ व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवावी. पहिल्या ओळीत `crit` ऐवजी `info` लिहून पुन्हा पाहिले की तो संदेश दुसऱ्या ओळीच्या यादीत येत नाही. तो हरवलेला नसतो, वहीत असतो.

ही व्यवस्था इतकी सुटसुटीत होती की वीसेक वर्षे ती कोणत्याही लिखित प्रमाणाशिवाय जगभर पसरली. २००१ साली इंटरनेटच्या प्रमाण-मंडळाने जे चालू होते त्याचे वर्णन आर.एफ.सी. ३१६४ या दस्तऐवजात नोंदवले. रीतसर प्रमाण आले ते २००९ साली, आर.एफ.सी. ५४२४ मध्ये. त्यातही पायऱ्यांचे अर्थ बंधनकारक केलेले नाहीत. एका आज्ञावलीची `err` म्हणजे दुसरीची `warning` असू शकते. निकडीची खूण संदेश पाठवणारा लावतो, आणि त्याला पुढच्या परिस्थितीची कल्पना नसते. आपल्याला लिहिता येत नाही इतकेच तबकडीला कळते. तिच्यावर सुट्टीतल्या वर्गाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत की उद्या लागणारा निकाल आहे, हे तिला माहीत नसते.

खूण लावणाऱ्याचा एक नैसर्गिक कलही असतो: आपली गोष्ट वरच्या पायरीवर ठेवण्याचा. त्याचे जे परिणाम होतात त्यांचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुन्हा कारखान्यातूनच मिळतो. २४ जुलै १९९४, रविवार. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सकाळी विजेच्या वादळामुळे गडबड सुरू झाली. एक झडप प्रत्यक्षात बंद होती, पण नियंत्रण यंत्रणा ती उघडी असल्याचे दाखवत होती. (थ्री माइल आयलंडच्या दिव्याचीच ही उलटी बाजू.) द्रव साचत गेला, दुपारी नळ फुटला, सुमारे वीस टन ज्वलनशील पदार्थ बाहेर पडला आणि स्फोट झाला. सव्वीस जण जखमी झाले. रविवार असल्यामुळे आवारात माणसे कमी होती आणि कोणी दगावले नाही. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले. भागाकार केला तर दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्या यंत्रणेत इशाऱ्यांना पायऱ्या होत्याच. पण एकूण २०४० इशाऱ्यांपैकी ८७ टक्के सर्वोच्च पायरीवर बसवलेले होते, आणि त्यांतले कित्येक नुसती माहिती देणारे होते.

म्हणजे पायऱ्या असूनही थ्री माइल आयलंडची ती एकच रांग परत आली होती. १९९९ साली ब्रिटनमधील यंत्र-उपकरणे वापरणाऱ्यांच्या संघटनेने, ईईएमयूएने, इशाऱ्यांविषयी १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिने प्रमाण सुचवले ते असे: शंभर इशाऱ्यांमध्ये वरच्या पायरीवर पाच, मधल्या पायरीवर पंधरा आणि खालच्या पायरीवर ऐंशी. या प्रमाणाला निसर्गनियमाचा आधार नाही. पण ते एक चांगली सक्ती करते. सहावा इशारा वर न्यायचा तर आधीच्या पाचांपैकी एक खाली आणावा लागतो, आणि कोणता, याची चर्चा शांततेच्या वेळी होते.

संगणकांच्या दुनियेत ही चर्चा झोपेच्या निमित्ताने सुरू झाली. पेजर आले, मग मोबाइल फोन आले, आणि संदेश पडद्यावरून निघून थेट माणसाच्या उशाशी पोचू लागला. १९९९ साली निघालेली आणि पुढे नागिओस या नावाने प्रसिद्ध झालेली आज्ञावली ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राची चौकशी करी आणि उत्तर चार प्रकारांत देई: ठीक, सावधान, गंभीर आणि अज्ञात. (इथे ठीक म्हणजे शून्य आणि गंभीर म्हणजे दोन. सिसलॉगच्या अगदी उलट! दोन्ही यंत्रणा शेजारी चालवणाऱ्याने हे भान ठेवावे.) एकदा उत्तर वाईट आले की लगेच ती फोन करीत नसे. ठरवलेल्या संख्येइतके वेळा, समजा तीनदा, लागोपाठ तेच उत्तर आले तरच बिघाड पक्का धरायचा. चौकशी दर मिनिटाला पुन्हा केली तर यात दोन मिनिटे जातात, पण क्षणभराच्या अडखळण्याने कोणाची झोप मोडत नाही.

नियम लिहिताना कुठे चुकते ते एका हिशेबातून पाहू. शंभर गिगाबाइटची तबकडी आहे. वीस गिगाबाइट जागा उरली की सावधान, दहा उरली की गंभीर, असा नेहमीचा नियम लावला आहे, आणि गंभीर म्हटले की फोन. पहिल्या यंत्रावर दहा गिगाबाइट उरली आहे आणि रोज ०.१ गिगाबाइट भरते. म्हणजे अजून शंभर दिवस आहेत, तरी रात्री फोन वाजतो. दुसऱ्या यंत्रावर रात्री दहाला चाळीस गिगाबाइट उरली आहे, पण एका बिघडलेल्या आज्ञावलीमुळे तासाला पाच गिगाबाइट भरते आहे. नियम गप्प आहे. पहाटे दोनला तो सावधान म्हणतो, आणि ते नोंदवहीत जाते. चारला गंभीर म्हणतो आणि फोन करतो. सहाला तबकडी भरणार असते. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाच्या हाती दोन तास उरतात.

उरलेल्या जागेऐवजी उरलेला वेळ मोजला तर दोन्ही चुका टळतात. उरलेली जागा भागिले भरण्याचा वेग: पहिल्यासाठी शंभर दिवस, दुसऱ्यासाठी आठ तास. आठ तास हे उद्या सकाळपूर्वी संपतात, म्हणून रात्री दहालाच फोन करावा, माणूस जागा असतानाच. या रीतीलाही मर्यादा आहे. वेग पाच मिनिटांवरून काढला तर रोज रात्री होणारी नेहमीची नक्कलसुद्धा प्रलय वाटते. दिवसभरावरून काढला तर खरा बिघाड उशिरा दिसतो. तास-दोन तासांची सरासरी बहुधा जमते, पण ती त्या त्या यंत्राच्या सवयी पाहूनच ठरवावी लागते.

गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आठ पायऱ्यांच्या जागी तीनच प्रकार उरले आहेत. माणसाने आत्ता काही करायलाच हवे, तर त्याला बोलवा. काही दिवसांत केले तरी चालेल, तर कामाच्या यादीत टाका. कोणी काही करायचे नसेल, तर नोंदवहीत लिहा. आम्हाला हे वर्गीकरण अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते बिघाड किती मोठा हे विचारत नाही. कोणी, केव्हा, काय करायचे एवढेच विचारते. फोन केल्यावर उचलणाऱ्याने एक कळ दाबून पोच द्यायची असते. ठरलेल्या मिनिटांत पोच आली नाही तर फोन यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. सिसलॉगचे संदेश जाळ्यावरून जुन्या रीतीने जातात तेव्हा अशी पोच मुळीच नसते. वाटेत हरवला तर हरवला. नोंदवहीला ते परवडते.

एक प्रसंग मात्र यांतल्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी इशारे देणारी आज्ञावलीच अडकून पडली. दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी लिहू लागल्यामुळे तसे झाले होते. पडदे शांत होते, म्हणून सारे ठीक आहे असे कर्मचाऱ्यांनी धरले. वीजवाहिन्या एकामागून एक तुटत होत्या, आणि त्याची वर्दी शेजारच्या कंपन्यांच्या माणसांनी केलेल्या फोनवरून येत होती. स्वतःच्या पडद्यावर काहीच नसल्यामुळे तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. चारनंतर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले.

मेलेली आज्ञावली स्वतःच्या मरणाचा संदेश पाठवू शकत नाही, मग त्याची पायरी कोणतीही असो. म्हणून आता इशारे देणाऱ्या यंत्रणेलाच दर मिनिटाला एक फालतू संदेश पाठवायला लावतात: मी चालू आहे. तो जातो एका वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे. ते यंत्र संदेश आला की काहीच करीत नाही. लागोपाठ काही मिनिटे तो आला नाही, की ते फोन फिरवते.